पोर्चखालचे टेकू

माझे भावोजी कुठलीही गोष्ट अर्धी वाचतात आणि पूर्ण समजल्याच्या थाटात बोलतात. औषधाच्या बाटलीवरचं "दिवसातून दोनदा" वाचतात, "जेवणानंतर" वाचत नाहीत, आणि मग पोटात आग पडली की डॉक्टरला मूर्ख ठरवतात. नोकरीत असताना त्यांचं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर शेरे मारायचं होतं. निवृत्त झाल्यावर कागद संपले, शेरे उरले. ते आता घरातल्या माणसांवर मारतात, आणि सगळ्यात जास्त माझ्या ताईवर.

मी इमारतींच्या रचनेची इंजिनिअर आहे. कुठल्या स्लॅबमध्ये किती सळ्या, त्या वर की खाली, कुठला खांब किती जाड, हे ठरवण्यात माझी तीस वर्षं गेली. माझ्या सहीशिवाय या गावातल्या बऱ्याच घरांना छप्पर मिळालं नसतं. पण भावोजींच्या लेखी मी अजून "मेव्हणीबाई", म्हणजे लग्नात त्यांचे बूट लपवणारी पोरगी. त्यांनी घरासमोर नवा हॉल आणि त्यापुढे पोर्च बांधायचं काढलं तेव्हा नकाशा माझ्याकडून करून घेतला, कारण घरातली इंजिनिअर फुकट मिळते. सल्ला मात्र ठेकेदाराचा घेतला, कारण तो "हो" म्हणतो.

या ठेकेदाराला मी मनातल्या मनात "होऊनजाईल" म्हणते. काहीही विचारा, तो मान डोलावतो आणि म्हणतो, "होऊन जाईल." वाळूत माती आहे, होऊन जाईल. सळी कमी पडली, होऊन जाईल. उद्या याचं घर पेटलं तरी हा बादली न उचलता हेच म्हणेल अशी माझी खात्री आहे.

पोर्चला खांब नकोत हा भावोजींचा हट्ट. गाडी वळवायला त्रास होतो म्हणे. गाडी महिन्यातून दोनदा निघते, पण तो मुद्दा सोडून देऊ. मी हॉलचाच स्लॅब पुढे हातासारखा बाहेर काढून पोर्च दिला. एका बाजूने धरलेला, बाकी तिन्ही बाजूंनी हवेत. करता येतं. नीट करावं लागतं, एवढंच.

काँक्रीट ओतलं त्या दिवशी मी सकाळपासून हजर होते. थंडी अशी की नळाचं पाणी हातात धरवत नव्हतं. सिमेंटही सावकाश ताकद धरणाऱ्या जातीचं होतं. संध्याकाळी जाताना मी लाल रंगाचा डबा मागवला आणि हॉलच्या भिंतीवर, दाराशेजारी, हातभर अक्षरांत लिहिलं: पोर्चचा एकही टेकू माझ्याशिवाय काढायचा नाही. भावोजी म्हणाले, "भिंत कशाला खराब करता?" मी म्हटलं, "गिलावा व्हायचाय. आणि लिहिलेलं वाचायची सवय लागेल."

दोन आठवड्यांनी मी येऊन हॉलचं सेंट्रिंग, म्हणजे ओला स्लॅब धरून ठेवणाऱ्या लोखंडी प्लेटा आणि टेकू, उभं राहून उतरवून घेतलं. आधी मधले टेकू, मग हळूहळू दोन्ही भिंतींकडे. स्लॅब जागचा हलला नाही. प्लेटा निघाल्या, खालून गुळगुळीत छत दिसलं, ताईने टाळ्या वाजवल्या. भावोजींनी लगेच बाहेर बोट दाखवलं.

"मग हे का नाही? एकाच दिवशी ओतलंय. सिमेंट तेच, पाणी तेच, माणसं तीच."

"हॉलच्या स्लॅबला दोन्हीकडे भिंत आहे. पोर्चला एकाच बाजूला. ज्याला दोन खांदे मिळतात त्याला लवकर उभं करता येतं. हा एका हाताने लोंबकळणार आहे, त्याचा हात पूर्ण भरल्याशिवाय सोडायचा नाही. चार आठवडे तरी. थंडी अशीच राहिली तर आणखी."

"मी वाचलंय," भावोजी म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. "स्लॅबचे टेकू, चौदा दिवस. छापील आहे."

छापील होतंच. त्याच्या खालच्या ओळीत हेही छापील होतं की हे दिवस उबदार हवेचे आणि नेहमीच्या सिमेंटचे; थंडी असेल, सिमेंट वेगळं असेल तर वाढवा. आणि एका बाजूने लटकणाऱ्या कामाचा त्या यादीत उल्लेखच नव्हता. मी अंगठ्याने पान वर सरकवून दाखवलं. त्यांनी मोबाइल खिशात घातला. त्यांचं वाचन संपलं होतं.

होऊनजाईलला मी बाजूला घेऊन सगळं पुन्हा सांगितलं. वेळ आली की मी येईन. सुरुवात बाहेरच्या कडेपासून करायची, मग एकेक रांग भिंतीकडे सरकायचं. भिंतीजवळचे शेवटी. उलटं कधीही नाही.

"होऊन जाईल, मॅडम," तो म्हणाला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतरच्या रविवारी ताईचा सकाळी फोन आला. भावोजींचे पूर्वीचे मोठे साहेब बायकोसह चहाला येणार होते. "तू पण ये ना. हे म्हणतात पोर्चवर, वरती गच्चीत, खुर्च्या मांडू. ऊन छान असतं तिथं."

"वरती? पोर्चवर?"

"हो. कुंड्यापण चढवल्यात. कडेकडेने. फार सुरेख दिसतंय."

"ताई, खाली टेकू आहेत ना?"

"आहेत ना," ती म्हणाली. "दोन आहेत."

मी गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही. फाटकाशी पोचले तर समोर सगळं उघडं. दारासमोर टेकूंचं जे दाट रान होतं ते गेलेलं. प्लेटा भिंतीशी रचून ठेवलेल्या, दुसऱ्या कामावर न्यायला तयार. पोर्चच्या पार पुढच्या कडेला, दोन कोपऱ्यांत, दोन टेकू उभे होते, आणि त्यांना चंदेरी रंग दिलेला होता. रंग! एखाद्या बँडवाल्याच्या काठीसारखे चमकत होते. वर कडेला ओळीने मातीच्या कुंड्या, ओल्या मातीने भरलेल्या, आणि त्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या.

भावोजी इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी उभे होते.

"या, मेव्हणीबाई. कसं काय वाटतं? मोठ्या साहेबांनी काय टेकूंमधून वाकून यायचं दारात? आणि तुमची काळजी लक्षात ठेवली बरं का. दोन ठेवलेत. खबरदारी म्हणून."

माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं, कारण ताई दारात उभी होती. पोर्चखाली. चहाच्या कपांचा ट्रे घेऊन.

"ताई, आत जा. नाहीतर बाहेर ये. तिथं उभी राहू नकोस."

ती गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. चाळीस वर्षांची सवय. भावोजींनी हाताने "काही नाही" अशी खूण केली. मी पुढे गेले, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

मग मी खालून बघितलं. टॉर्च तिरका मारला की बारीक रेघही सावली देते. भिंत आणि पुढची कड यांच्या मधोमध, भिंतीला समांतर, पोर्चच्या पोटावर केसाएवढी रेघ होती. या बाजूपासून जवळजवळ त्या बाजूपर्यंत.

"हे बघा."

"सेंट्रिंगच्या प्लेटचा जोड आहे तो," भावोजी म्हणाले.

"प्लेटचा जोड सरळ असतो. ही वेडीवाकडी आहे."

होऊनजाईल तोवर मागून आला होता, पाय ओढत. साहेब येणार म्हणून त्यालाही बोलावलं होतं. कामाचं कौतुक ऐकायला असेल. मी त्याला विचारलं, "कुठून काढले आधी?"

"भिंतीकडून, मॅडम. काकांना दार मोकळं हवं होतं. बाहेरचे राहू दिले. सेफ्टी."

सेफ्टी! आता राग आवरण्यात अर्थ नव्हता.

"ऐका, दोघंही. एकदाच सांगते. या पोर्चच्या सळ्या वरच्या अंगाला आहेत. का? कारण बाहेरची कड खाली यायला बघते तेव्हा ताण वरच्या अंगाला बसतो. खालच्या अंगाला मी सळी दिलेली नाही, कारण तिथं ताण येणार नव्हता. तुम्ही काय केलंत? बाहेरची कड टेकूवर धरून ठेवली आणि मधला आधार काढला. आता हा पुढून टेकूवर आणि मागून भिंतीवर असा झोपलाय, आणि मध्ये पोट खाली येतंय. ताण कुठं? खाली. जिथं काहीच नाही. काहीच न करता बसला असतात तर बरं झालं असतं. एकही टेकू न ठेवता सगळा पडला असता तरी निदान कारण सरळ असतं. तुम्ही खबरदारीने मोडलाय हा."

"मोडला कुठंय? उभा आहे की!" भावोजी म्हणाले.

"कच्चा आहे, थंडीत वाढलेला आहे, आणि आता कडेच्या दोन टेकूंवर आहे. त्यातला एक सरकला की सगळी कड त्या बाजूने खाली. आणि साहेबांची गाडी कुठून येणार आहे?"

गाडी या दोन चंदेरी टेकूंमधूनच आत येणार होती, दारापर्यंत. भावोजींनी चुन्याची रेघसुद्धा मारून ठेवली होती, साहेबांच्या ड्रायव्हरसाठी.

"मॅडम, होऊन जाईल," ठेकेदार पुटपुटला.

"काय होऊन जाईल? श्राद्ध?"

तो जमिनीकडे बघायला लागला. त्याच्याबद्दल मला वाईटही वाटेना. असल्या माणसाचा मला कंटाळा येतो, बस. चूक करायलाही थोडं डोकं लागतं. याने ते भावोजींकडून उसनं घेतलं होतं, म्हणजे किती मिळालं असेल ते बघा.

"मेव्हणीबाई, तासाभरात पाहुणे येतायत," भावोजींनी आवाज चढवला. "तुम्ही लोक पुस्तकातलं बघून घाबरवता. कित्येक घरांत दहाव्या दिवशी काढतात. माझी जबाबदारी. मी सांगतो, काही होत नाही. पाहुणे गेले की सावकाश काय लावायचं ते लावा."

"जबाबदारी तुमची. खाली कोण असेल?"

"म्हणजे?"

ते उत्तर मी द्यायचं होतं, पण दिलं ताईने. ती आतापर्यंत फाटकाजवळ हात पुसत उभी होती. तिने भावोजींकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"तू विचारलं नाहीस, कधी काढले म्हणून," ती म्हणाली. "मंगळवारी काढले. दुपारी."

"बरं."

"मंगळवारपासून हे मागच्या दाराने येतात."



"मला वाटलं पायांना त्रास होतोय," ताई म्हणाली. "पुढच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. सकाळी फिरून आले की स्वयंपाकघरातून. पेपर आणायला गेले की स्वयंपाकघरातून. चपला पुढे ठेवायचे ते मागे ठेवायला लागले. मी म्हटलंसुद्धा, अहो, फरशी ओली करता तुम्ही. तर म्हणाले, इकडून जवळ पडतं."

"अगं, जवळ पडतंच," भावोजी म्हणाले.

"बाजार पुढच्या बाजूला आहे."

"तू आता काहीतरी..."

"आणि वर पाणी मी घालते," ताई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "रोज दोन वेळा. तुम्हीच सांगितलंत, स्लॅब ओला ठेवायचा. कुंड्या मीच नेल्या वर, एकेक करून. तुम्ही खालून सांगत होतात, आणखी पुढे, आणखी कडेला. खालून म्हणजे फाटकातून. आत्ता लक्षात आलं. पोर्चखाली नव्हतातच तुम्ही."

मी भावोजींकडे बघितलं. मला वाटत होतं की हा माणूस मूर्ख आहे. इतकी वर्षं मी त्याच्या मूर्खपणावरच हसत आले होते, आणि हसण्यात एक प्रकारची माफी असते. पण हा मूर्ख नव्हता. याने भिंतीवरची लाल अक्षरं वाचली होती. शेवटपर्यंत वाचली होती. त्याला कळलं होतं, मंगळवारी दुपारीच, आणि त्याने फक्त स्वतःचा रस्ता बदलला. मला त्याची किळस आली.

"कुंड्या आधी," मी होऊनजाईलला म्हटलं. "सगळ्या उतरवा. कडेवर चढू नका, मागून, हॉलच्या बाजूने ओढून घ्या. खुर्च्या पण. मग टेकू परत."

"पाहुणे..." भावोजी.

"अहो, गप्प बसा," ताई म्हणाली.

मी हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. भावोजींनीही. ते गप्प बसले, हे त्याहून नवल.

कुंड्या उतरल्या. ठेकेदाराची दोन माणसं टेकू आणायला लागली. एकाने सवयीने हातोडा उचलला, मी ओरडले. ठोकायचं नाही. पोर्च खालून जोराने दाबला तर वर उचलला जाईल आणि आणखी तडकेल. वर फळी घेऊन टेकू नुसता भिडवायचा, स्क्रू हाताने फिरवून, फळीला टेकला की थांबायचं. जिथं बसलाय तिथं बसू दे. आता त्याला सरळ करायला जायचं नाही. मी प्रत्येक टेकूला हात लावून बघितला. मग शिडी घेऊन त्या रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली आणि तारीख घातली, म्हणजे ती पुढे सरकली तर कळेल.

ताई हे सगळं बघत होती. एकदा तिने विचारलं, "पडला असता?"

"कदाचित नसता," मी खरं ते सांगितलं. "कदाचित आज पडला असता. साहेबांच्या गाडीचा आरसा टेकूला लागला असता तर नक्की. तुला सांगता येत नाही, मलाही येत नाही. म्हणून तर थांबायचं असतं."

"ह्यांना सांगता येत होतं," ती म्हणाली. "थोडंसं."

शेवटचे टेकू लागत होते तेव्हा मोठे साहेब आले. गाडी फाटकाबाहेरच थांबली. साहेब म्हणजे एक बारकासा, कान टोपीत झाकलेला म्हातारा, आणि त्याच्याहून बारकी त्याची बायको. दोघं टेकूंमधून वाकून, एकमेकांचा हात धरून, मजेत दारात आले. साहेबांना वाकायची लाज वाटली नाही. त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. त्यांच्यासाठी एवढं सगळं चाललं होतं.

हॉलमध्ये चहा झाला. साहेबांनी बाहेर बघत विचारलं, "अजून काम चालू दिसतंय?"

भावोजींनी घसा साफ केला. मला वाटलं, आता तरी हा माणूस थोडा ओशाळेल.

"त्याचं काय आहे साहेब, हे ठेकेदार लोक घाई करतात. पण मी स्पष्ट सांगितलं. एकही टेकू हलवायचा नाही. घरात माणसं राहतात. सुरक्षितता आधी."

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या बायकोने ताईला म्हटलं, "नशीबवान आहात हो. आमचे हे असलं काही बघतसुद्धा नाहीत."

ताईने बिस्किटांची बशी पुढे केली. "हो," म्हणाली. "हे फार जपतात." आणि ती भावोजींकडे बघून हसली. मी ते हसू बघितलं आणि माझा चहा तसाच राहिला. मी त्या माणसाला इतकी वर्षं तुच्छ लेखलं, उठता बसता टोमणे मारले, पण त्याला कधी लागलं नाही. हे लागलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते बिस्किटाचे नुसते तुकडे करत राहिले.

पाहुणे गेल्यावर मी सांगितलं की मोजणी आता नव्याने. आणखी चार आठवडे कोणी हात लावणार नाही. मग मी येईन, रेघ बघेन, वाढली असेल तर वेगळा विचार करावा लागेल, कदाचित पाडून पुन्हा ओतावा लागेल. नसेल वाढली तर बाहेरच्या कडेपासून एकेक रांग उतरवेन. होऊनजाईलने मान हलवली. या वेळी काही बोलला नाही, एवढीच त्याची प्रगती.

मी निघाले तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. मागच्या दाराला आतून कडी लावलेली होती आणि कडीत कुलूप. जुनं, पितळी, आमच्या आईच्या पेटीचं.

"हे कशाला?"

"इकडून कोणी यायला नको," ती म्हणाली. "फरशी ओली होते."

किल्ली तिने पदराच्या टोकाला बांधली होती.

तेव्हापासून मी दर दोन दिवसांनी रेघ बघायला जाते. भावोजी फिरून येतात ती वेळ मी साधते. फाटकात ते थांबतात. दारात थांबावं लागू नये म्हणून चपला तिथेच काढतात, हातात घेतात, वर बघतात. मग मान खाली घालून टेकूंमधून वाकत वाकत, भराभर, दारापर्यंत येतात. ताई बंद दाराआड उभी असते. ती रोज दार उघडायला थोडा वेळ लावते.